पंधरा गुण आहेत, पण चालतात कुठे?

माझ्या मामेबहिणीकडे एक निळी फाइल आहे. तिच्यात एकवीस सर्टिफिकेट्स आहेत. खो-खो, एक निबंध स्पर्धा, दोन गॅदरिंग, आणि गोव्यात झालेल्या एका स्पर्धेचं सगळ्यात चकचकीत, सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट, त्यावर मोठ्या अक्षरात ‘नॅशनल चॅम्पियनशिप’. त्या स्पर्धेसाठी मामाने साडेतीन हजार रुपये भरले होते. अॅडमिशनच्या वेळी या एकवीस कागदांपैकी उपयोगी पडले फक्त दोन. सोनेरी किनारीचं त्यात नव्हतं.

हे तिच्या एकटीचंच होतं असं नाही. ‘खेळलीस तर मार्क मिळतील’ हे आपल्याला पाचवी-सहावीपासून ऐकवलं जातं. कुठल्या पातळीला किती मिळतील आणि ते पुढे कुठे धरले जातील, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून आधी हिशोब मांडते आणि मग माझी तक्रार.

महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या खेळाडूंना मिळणारे वाढीव गुण 20 डिसेंबर 2018 च्या शासन निर्णयाप्रमाणे ठरतात. ही एक शिडी आहे. जिल्हा पातळीवर पहिल्या तिनांत आलात तर 5 गुण, विभाग पातळीवर 10, राज्य पातळीवर 15, राष्ट्रीय पातळीवर 20 आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर 25. वरच्या पायऱ्यांवर नुसत्या सहभागालाही काही गुण आहेत, पण विजेत्यापेक्षा कमी. तालुक्याला जिंकलात तर मिरवणूक निघेल, गुण नाहीत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सर्टिफिकेटवर काय लिहिलंय यापेक्षा ते कुणी दिलंय याला किंमत आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून होणाऱ्या शालेय स्पर्धा, तिथून विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा, हा सरळ रस्ता. दुसरा रस्ता खेळाच्या मान्यताप्राप्त संघटनेच्या अधिकृत अजिंक्यपद स्पर्धांचा. त्यात खेळ शासनाच्या यादीत असावा लागतो, संघटनेला मान्यता असावी लागते आणि स्पर्धेची नोंद क्रीडा कार्यालयाकडे असावी लागते. प्रस्ताव आपण स्वतः बोर्डात नेऊन देत नाही. तो शाळा किंवा ज्युनिअर कॉलेजमार्फत जातो, जिल्हा क्रीडा कार्यालय तपासून शिफारस करतं आणि मग विभागीय मंडळ गुण देतं. तपासणीत कुणीतरी आपला कागद मूळ स्पर्धेच्या निकालाशी ताडून बघणार असतं. ताडून बघायला तिथे काहीच नसेल, तर कागद कितीही जाड असला तरी बाद. बहिणीच्या ‘नॅशनल’चं नेमकं हेच झालं. एंट्री फी भरली की कोणीही थेट ‘राष्ट्रीय’ खेळू शकेल, खाली जिल्हा-राज्य अशी निवडच नसेल, तर तिथेच शंका घ्यायला हवी.

कलेची शिडी वेगळी आहे आणि ती दहावीपुरतीच आहे. चित्रकलेत इंटरमिजिएट परीक्षेच्या श्रेणीवर गुण मिळतात: ए ग्रेडला 7, बी ला 5, सी ला 3. आधी हेच आकडे 15, 10, 5 होते, 2017 मध्ये ते कमी केले गेले. शास्त्रीय गायन, वादन, नृत्याला शासनमान्य संस्थांच्या किती परीक्षा पास झालात यावर गुण आहेत. लोककलेत सादर केलेल्या प्रयोगांची संख्या बघतात. गॅदरिंगमधला पहिला नंबर, सोसायटीच्या गणपतीतली नृत्य स्पर्धा, टीव्हीवरची ऑडिशन, यांतलं काहीच यात बसत नाही.

आता या गुणांचं वजन किती? दहावीला टक्केवारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’वर, म्हणजे 500 पैकी निघते. म्हणून 5 गुण म्हणजे एक टक्का. बहिणीला दहावीला 441 होते, म्हणजे 88.2 टक्के. तिची टीम विभागाला जिंकली होती, म्हणून 10 गुण वाढले आणि टक्केवारी झाली 90.2. अकरावीच्या यादीत दोन टक्के म्हणजे काय, हे ज्याने कटऑफ बघत रात्र काढलीय त्याला सांगायला नको. दरवर्षी दहावीच्या निकालात शंभर टक्के मिळवणाऱ्यांचा आकडा येतो (2025 मध्ये तो 211 होता), त्यातही या वाढीव गुणांचा हात असतो. 493 मिळवलेल्या मुलाकडे इंटरमिजिएटची ए ग्रेड असेल तर त्याचे 500 पूर्ण होतात.

इथपर्यंत व्यवस्था चालते. मला खटकतं ते बारावीला.

बारावीच्या वर्षी बहीण राज्य पातळीवर खेळली. सराव शिबिर, मग विभाग, मग राज्य. टीम तिसरी आली आणि तिला 15 गुण मिळाले. 600 पैकी 432 चे 447 झाले, 72 टक्क्यांचे 74.5. घरी पेढे वाटले. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं होतं. तिथली मेरिट लिस्ट एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे गुण पात्रतेपुरते बघतात आणि दोघांचं पर्सेंटाइल सारखं आलं तर कुणाला वर ठेवायचं यासाठी. पात्र तर ती 432 वरही होतीच. म्हणजे ज्या 15 गुणांसाठी तिने शिबिरात दिवस घालवले, त्यांनी तिच्या इंजिनिअरिंगच्या रँकमध्ये काहीच हललं नाही. उलट शिबिरात गेलेले दिवस सीईटीच्या तयारीतून वजा झाले, ते मात्र पर्सेंटाइलमध्ये बरोबर दिसले.

मग ते 15 गुण चालले कुठे? घराजवळच्या कॉलेजमध्ये बीएस्सीला. तिथली यादी बारावीच्या टक्क्यांवर लागली आणि 73 च्या थोडी वर बंद झाली. 72 वर तिला ती सीट मिळाली नसती, 74.5 वर मिळाली. म्हणजे गुण खोटे नव्हते. ते चालतात तो रस्ता वेगळा होता.

आणि हा रस्ता अरुंद होत चाललाय. इंजिनिअरिंग, फार्मसी, लॉ सीईटीवर आहेत, मेडिकल नीटवर. 2024 पासून बीबीए, बीसीए, बीएमएसलाही राज्याची सीईटी आली. बोर्डाची टक्केवारी थेट धरली जाते ती मुख्यतः बीए, बीकॉम, बीएस्सीला. एकेक कोर्स सीईटीकडे जातो तेव्हा त्या कोर्सपुरते खेळाडूचे वाढीव गुण गुपचूप रद्द होतात. शासन निर्णय तसाच राहतो, शिडीवरचे आकडेही तेच राहतात, फक्त ती शिडी ज्या भिंतीला लावलीय ती भिंत मागे सरकते. याची ना बातमी होते, ना कुणी आंदोलन करतं.

यावर ‘सीईटीतही 15 मार्क वाढवा’ असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. पर्सेंटाइल म्हणजे गुणांची बेरीज नाही, तुम्ही किती जणांच्या पुढे आहात ते आहे. त्यात बाहेरून गुण टाकले तर वर गर्दीच्या जागी एका गुणावर शेकडो मुलं मागे-पुढे होतील, आणि खोट्या सर्टिफिकेटची किंमत एका रात्रीत वाढेल. शिवाय वर्षभर घरी बसून सीईटीचा अभ्यास केलेल्या मुलाने विचारलं, की खो-खोमुळे हिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं कसं झालं, तर त्याला माझ्याकडे उत्तर नाही. खरं सांगायचं तर हा प्रश्न दहावीच्या वाढीव गुणांनाही लागू होतो.

उत्तर गुण वाढवण्यात नाही, जागा वेगळ्या ठेवण्यात आहे. हे स्वप्नरंजन नाही. आयआयटी मद्रासने 2024-25 पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या आहेत, त्यातली एक मुलींसाठी. तिथे जेईई अॅडव्हान्स्डच्या रँक लिस्टमध्ये नाव असावंच लागतं, आणि गेल्या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवरचं किमान एक पदक लागतं. मग खेळाच्या कामगिरीवर वेगळी यादी लागते. पुढच्याच वर्षी त्यांनी कला आणि संस्कृतीसाठीही अशाच जागा सुरू केल्या. दिल्ली विद्यापीठातही क्रीडा आणि कलेच्या जागा जादाच्या आहेत. तिथे सर्टिफिकेटबरोबर ट्रायलही द्यावी लागते, म्हणजे कागदावर राष्ट्रीय असलेल्याला मैदानावरही तसं खेळून दाखवावं लागतं.

या पद्धतीत कुणाची सीट जात नाही, कारण जागा जादा असतात. कुणाच्या गुणपत्रिकेत खेळ मिसळत नाही. आणि अभ्यासाची किमान पायरी सगळ्यांना चढावीच लागते. आयआयटी मद्रासची अट फार वरची आहे, राज्याला तिसरी आलेली माझी बहीण तिथे बसणार नाही, हे मला माहीत आहे. पण राज्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी अट राज्य पातळीची ठेवता येईल. तपासणीची यंत्रणा तर आपल्याकडे आहेच, जिल्हा क्रीडा कार्यालय आजही तेच काम करतं.

तोवर जे अकरावी-बारावीत आहेत आणि खेळतात, त्यांनी दोन प्रश्न स्वतःला विचारा. पहिला, ही स्पर्धा शालेय किंवा मान्यताप्राप्त संघटनेच्या शिडीवरची आहे का? हा प्रश्न फी भरायच्या आधी जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारा, नंतर नाही. दुसरा, मला ज्या कोर्सला जायचंय तिथली यादी कशावर लागते? ती बोर्डाच्या टक्क्यांवर लागत असेल तर प्रस्ताव मुदतीत गेलाय का, हे कॉलेजच्या ऑफिसमध्ये स्वतः बघा. सीईटीवर लागत असेल तर खेळायचं तर खेळा, पण मार्कांसाठी खेळतोय असं घरच्यांना सांगू नका.

बहीण आता बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या टीममध्ये खेळते. निळ्या फाइलमधून तिने सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट काढून टाकलंय. मामाने ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय.