बोरसुरीच्या पिशवीवरची दोन नावं
निलंगा तालुक्यातल्या बोरसुरी तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मग अर्धा किलोच्या पिशवीवर ठळक काय छापायचं? ‘बोरसुरी’ हे नाव त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं. ते कुणा एकाचा ट्रेडमार्क होत नाही आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केल्याशिवाय वापरताही येत नाही. म्हणून जोडीला स्वतःचं वेगळं नाव हवंच, नाहीतर तुमच्या जाहिरातीवर शेजाऱ्याचीही डाळ खपेल. लातूरच्या आडतीवरची दुसरी तूर त्यात मिसळली, तर मात्र पिशवीवर ‘बोरसुरी’ लिहिता येणार नाही. पिशवीला पारदर्शक खिडकी मी तरी आग्रहानं ठेवेन. पॉलिश न केलेली डाळ चकाकत नाही, ती गिऱ्हाइकाला आधीच दिसू दे. निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना, एफएसएसएआय क्रमांक यांची जागा चित्राच्या आधी आखून घ्या.