'लुक इंटू'वर लाल रेघ कशाला?

गेल्या आठवड्यात नववीतल्या एका मुलीची आई तिची इंग्रजीची वही घेऊन भेटायला आल्या. नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना पाणी येत नसल्याची तक्रार करायची, असं पत्र मुलीने क्लासमध्ये लिहिलं होतं. क्लासच्या शिक्षकांनी त्यावर लाल पेनाने सहा ठिकाणी खुणा केल्या होत्या आणि खाली शेरा दिला होता, 'औपचारिक पत्रात शॉर्ट फॉर्म नको, फ्रेजल व्हर्ब नको.' आईंचा प्रश्न साधा होता. "मॅडम, शॉर्ट फॉर्मचं कळलं. पण 'प्लीज लुक इंटू द मॅटर' चुकीचं कसं? आमच्या ऑफिसात तर साहेब सुद्धा असंच लिहितात."

आईंचं बरोबर होतं. शेऱ्याचा पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी ठीक आहे, दुसरा अर्धा चूक आहे. आणि हा दुसरा अर्धा नियम आपल्याकडच्या किती वह्यांवर उतरलाय, हे शिक्षक मित्रांनी आठवून पाहावं. मीही पूर्वी हेच शिकवायचे.

आधी शॉर्ट फॉर्म, म्हणजे काँट्रॅक्शन. 'डू नॉट'चं 'डोन्ट', 'इट इज'चं 'इट्स', 'वी हॅव'चं 'वीव्ह'. हे मुलांना समजावायला इंग्रजीकडे जायची गरजच नाही. आपण मराठीत दिवसभर हेच करतो. 'करतो आहे'चं 'करतोय', 'गेले आहे'चं 'गेलंय', 'आले नाही आहे'चं 'आलं नाहीये'. मैत्रिणीला आपण सांगतो, "अगं, चार दिवस पाणीच आलं नाहीये." अर्जात मात्र तीच मुलगी न सांगता लिहिते, 'गेले चार दिवस पाणीपुरवठा झालेला नाही.' तिला हे कुणी नियम म्हणून शिकवलेलं नसतं. समोर कोण आहे ते पाहून तिची भाषा आपोआप सरळ होऊन बसते, पाहुणे आल्यावर आपण बसतो तशी.

म्हणून वर्गात मी आधी फळ्यावर मराठीच लिहायला लावते. पाणी आलं नाही ही एकच गोष्ट आजीला, शेजारच्या काकूंना आणि मुख्याधिकाऱ्यांना सांगायची. तीन वाक्यं शेजारी शेजारी आली की काय बदललं ते मुलंच दाखवतात. मग इंग्रजीतलं 'डोन्ट' आणि 'डू नॉट' त्यांना परकं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते. पूर्ण रूप म्हणजे 'शुद्ध' आणि शॉर्ट फॉर्म म्हणजे 'आळशी', असं मुलं धरून बसतात आणि बोलतानाही सगळं पूर्ण बोलायला लागतात. बोलण्यात पूर्ण रूपाला वेगळा अर्थ चिकटतो. 'आय डिडन्ट टेक इट' म्हणजे मी नाही घेतलं, एवढंच. पण 'आय डिड नॉट टेक इट' असं 'नॉट'वर जोर देऊन म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई चिडलीय, कुणीतरी आळ घेतलेला दिसतोय. माझी एक जुनी विद्यार्थिनी नोकरीला लागल्यावर सहकाऱ्यांशी महिनाभर असंच बोलत होती. 'आय अॅम नॉट अँग्री' हे वाक्य तिने इतकं स्वच्छ उच्चारलं, की समोरच्याने माफीच मागितली. हसत हसत तिनेच मला हे सांगितलं, पण त्या महिन्यात तिच्याशी कुणी मोकळेपणाने बोलत नव्हतं, हेही सांगितलं.

उलट बाजूही सांगायला हवी. शॉर्ट फॉर्म वाक्याच्या शेवटी नेहमी चालतो असं नाही. 'आर यू रेडी?' याला 'येस, आय अॅम' हेच उत्तर. तिथे 'येस, आयम' होत नाही, कितीही जवळचा मित्र असला तरी. 'नो, आय कान्ट' मात्र चालतं, कारण नकाराचं रूप शेवटी टिकतं. हे औपचारिक-अनौपचारिकाच्या पलीकडचं, थेट व्याकरणाचं आहे.

सार्वजनिक पाट्यांवर 'डू नॉट टच' असं लिहिलेलं असतं, ते कुणाला ओळखून लिहिलेलं नसतं म्हणून. आपणही पाटीवर 'येथे वाहने उभी करू नयेत' लिहितो आणि तोंडाने 'इथे गाडी लावू नका' म्हणतो. पण रोजच्या सहकाऱ्याला पाठवलेल्या मेलमध्ये 'आयल सेंड इट टुमॉरो' अगदी शोभतं. मेल लिखित असतो म्हणून तो औपचारिकच असला पाहिजे, हा आपला आणखी एक गैरसमज.

आता फ्रेजल व्हर्ब. साधं क्रियापद आणि त्याला जोडलेला 'अप', 'ऑफ', 'आउट', 'इंटू' असा छोटा शब्द, आणि दोघांचा मिळून बनलेला नवा अर्थ. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, पुट अप विथ म्हणजे सहन करणे. यातल्या बऱ्याच क्रियापदांना एक शब्दाचा जोडीदार आहे. 'पुट ऑफ'ला 'पोस्टपोन', 'पुट अप विथ'ला 'टॉलरेट', 'लुक इंटू'ला 'इन्व्हेस्टिगेट'. यातली साधी क्रियापदं बहुतेक इंग्रजीची घरची आहेत. एकशब्दी जोडीदार बहुतेक लॅटिनमधून किंवा फ्रेंचमधून आलेले. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि नंतर दीर्घकाळ दरबार आणि कायद्यात फ्रेंचचं, चर्च आणि विद्येत लॅटिनचं वजन राहिलं. त्यामुळे तिकडून आलेल्या शब्दांना कचेरीचा वास लागला. आपल्याकडे 'विचारणे' आणि 'पृच्छा करणे', 'सुरू करणे' आणि 'प्रारंभ करणे' यांत जे अंतर आहे, साधारण तेच.

इथूनच तो चुकीचा नियम जन्माला येतो, की फ्रेजल व्हर्ब म्हणजे घरगुती, एक शब्द म्हणजे औपचारिक. पण 'विचारणे' हा शब्द अर्जात चालत नाही का? चालतो. तसंच 'कॅरी आउट' हे अहवालांत सर्रास दिसतं. 'लुक फॉरवर्ड टू' तर औपचारिक पत्राच्या शेवटच्या ओळीतच बसलेलं असतं. काही क्रियापदांना जोडीदारच नाही. 'आय ग्रू अप इन सातारा' याला दुसरं काय लिहिणार? नियमाला घाबरलेलं मूल मग निबंधात 'आय अवोक अॅट सिक्स अँड एक्स्टिंग्विश्ड द लाइट' लिहितं. मराठीत सांगायचं तर 'मी सहा वाजता जागृत झालो व दिवा विझवला', आणि दिवा म्हणजे ट्यूबलाइट!

मग ओळखायचं कसं? विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशांत, ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या, अर्थाच्या आधी 'इन्फॉर्मल' असा छोटा शिक्का असतो. 'हँग आउट', 'मेस अप' यांच्यापुढे तो सापडेल. 'कॅरी आउट'पुढे नाही सापडणार. शिक्का नसेल तर शब्द सगळीकडे चालणारा, असं मी मुलांना सांगते. एकाच क्रियापदाचे तीन-चार अर्थ असतात आणि शिक्का त्यातल्या एखाद्याच अर्थाला असू शकतो, म्हणून आपल्याला हवा तो अर्थ गाठून मगच पाहायचं.

आता त्या वहीतलं पत्र. मुलीने लिहिलं होतं ते थोडक्यात असं: 'वीव्ह हॅड नो वॉटर फॉर फोर डेज. द रिपेअर वॉज पुट ऑफ. वी कान्ट पुट अप विथ धिस. प्लीज लुक इंटू द मॅटर अँड सॉर्ट इट आउट.' आम्ही तिघी बाकावर बसलो आणि एकेक वाक्य घेतलं.

'वीव्ह' आणि 'कान्ट' उघडून 'वी हॅव' आणि 'कॅनॉट' केलं. एका मिनिटाचं काम. 'पुट ऑफ' तिथे चालणारं आहे. पण मी मुलीला विचारलं, दुरुस्ती कधी होती आणि कधीवर गेली? म्हणाली, सोमवारी होणार होती, गुरुवारवर ढकलली. मग 'पोस्टपोन्ड फ्रॉम मंडे टू थर्सडे' असं झालं. तारखांबरोबर 'पोस्टपोन' नेटका बसतो, म्हणून तो घेतला.

'पुट अप विथ धिस' इथे माझं त्या लाल खुणेशी अर्धंच जमतं. 'टॉलरेट' घातलं तर शब्द कचेरीचा होईल, पण 'आम्ही हे सहन करू शकत नाही' हा सूर तसाच राहील, उलट जास्त धमकीसारखा. अडचण शब्दात नव्हतीच. मी विचारलं, सहन होत नाही म्हणजे नक्की काय होतंय? "आजीला आणि मला तिसऱ्या मजल्यावर घागरी चढवाव्या लागतात." मग तेच लिहिलं, की वयस्कर रहिवाशांना तीन मजले पाणी वाहून न्यावं लागतं. 'सॉर्ट इट आउट'चंही तसंच. त्याला 'रिझॉल्व्ह' हा मोठा शब्द आहे, पण नगरपरिषदेने करायचं काय? चौकाजवळची पाइपलाइन दुरुस्त. मग 'हॅव द पाइपलाइन रिपेअर्ड' आलं. बोलण्यात 'ते निस्तरा' म्हटलं तर समोरच्याला संदर्भ माहीत असतो. मुख्याधिकाऱ्यांना तो माहीत नसतो, म्हणून तिथे नाव घेऊन सांगावं लागतं. माझ्या मते औपचारिक लेखनाचा निम्मा भाग हा एवढाच आहे, आणि शब्दांच्या जोड्या पाठ करून तो येत नाही.

राहिलं 'लुक इंटू'. ते आम्ही ठेवलं. 'इन्व्हेस्टिगेट' म्हटलं की चौकशी, कुणीतरी दोषी, अशी छटा येते. नळाला पाणी नाही म्हणून नववीतल्या मुलीने अधिकाऱ्याला चौकशी लावायला सांगणं विनंतीला शोभत नाही. 'कृपया लक्ष घालावे' या आपल्या नेहमीच्या ओळीच्या जवळ 'लुक इंटू'च जातं.

आईंनी शेवटी व्यवहाराचा प्रश्न विचारलाच, परीक्षेत तपासणाऱ्यांनी मार्क कापले तर? कापू शकतात, हे मी नाकारलं नाही. म्हणून मुलीला 'इन्व्हेस्टिगेट' आणि 'टॉलरेट' दोन्ही शब्द येत असावेत, त्यांचा अर्थ आणि सूर दोन्ही माहीत असावेत, एवढं मी मान्य केलं. पण वहीवर 'लुक इंटू'शेजारी मी हिरव्या पेनाने 'योग्य' असं लिहून सही केली. क्लासच्या सरांना वाटलं तर त्यांनी मला फोन करावा, असंही आईंना सांगितलं. अजून आलेला नाही.