तक्त्याबाहेर राहिलेलं ‘रोज’

माहुलच्या लोकांना ‘आम्ही आजारी आहोत’ हे आकड्यांत सिद्ध करावं लागतं. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या हवेमुळे आरोग्याला धोका असल्याचं म्हटलं, तेव्हा केईएम रुग्णालयाची पाहणी आधाराला होती. त्यामुळे इथे सर्वेक्षणाचा फॉर्म चुकीचा असणं ही किरकोळ बाब नाही.

मध्यंतरी एका संस्थेचा फॉर्म पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला. एकच मोठा तक्ता. डावीकडे खोकला, धाप, डोळ्यांची जळजळ अशा आठ तक्रारी आणि वर पाच रकाने: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, रोज. माझ्या विद्यार्थ्याच्या अम्मीने ‘कधीकधी’वर आठ खुणा केल्या होत्या. त्यांना तर रोज धाप लागते. मी विचारलं तर म्हणाल्या, “टीचर, शेवटचं तेच तर होतं.” त्यांच्या फोनवर तीनच रकाने दिसत होते. तक्ता बोटाने बाजूला सरकतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक ओळीला उत्तर सक्तीचं होतं, म्हणून दिसेल त्यावर बोट ठेवलं.

आता संस्था म्हणेल, लोक न वाचता भरतात. एका सरळ रेषेत आलेल्या खुणा आळसाच्या असू शकतात, मान्य. पण शेवटचे दोन रकाने फोनवरून आलेल्या उत्तरांत रिकामे आणि संगणकावरच्या उत्तरांत भरलेले दिसत असतील, तर दोष फॉर्मचा आहे. आणि पडद्याबाहेर नेमकं काय गेलं? सगळ्यात जास्त आजारी माणसाचं उत्तर.

‘शून्य ते दहापैकी त्रास किती?’ हाही उपाय नव्हे. स्वस्त फोनचा पडदा साधारण ३६० एकक रुंद असतो. बोट नीट पडायला एका बटणाला ४८ एकक जागा हवी, असं अँड्रॉइडचंच मार्गदर्शन आहे. अकरा बटणांना ५२८ लागतात. मग सहावर बोट ठेवावं तर सातवर पडतं. शिवाय सहा आणि सात यांत फरक काय, हे मलाही सांगता येणार नाही.

त्यापेक्षा एका पडद्यावर एकच प्रश्न ठेवा: ‘गेल्या ७ दिवसांत किती दिवस धाप लागली?’ उत्तरं एकाखाली एक, पूर्ण शब्दांत: एकही दिवस नाही, १-२ दिवस, ३-६ दिवस, रोज. चारही उत्तरं न सरकवता दिसतात, आणि दिवस मोजता येतात.

यात फॉर्म लांबतो, हे खरं. मग आठ प्रश्नांचे चार करा. जुन्या पाहणीशी थेट तुलनाही करता येणार नाही, कारण प्रश्नच बदलला. ते अहवालात लिहा.

आणि पाठवण्याआधी तो फॉर्म कार्यालयातल्या संगणकावर तपासू नका. वस्तीतला सगळ्यात लहान फोन घ्या, अक्षरं मोठी करा आणि एखाद्या अम्मीसमोर गप्प बसून बघा.