सरकारी रोख्यात तोटा कसा काय होतो? सभेत राहून गेलेलं उत्तर

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नगरमधल्या एका सहकारी बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. बँकेचं नाव घेत नाही, कारण अशी सभा तुमच्याही बँकेची असू शकते. अहवाल वाचून एक ज्येष्ठ सभासद उठले आणि म्हणाले, "गुंतवणूक घसाऱ्यासाठी तरतूद असं लिहिलंय. आपली गुंतवणूक तर सरकारी रोख्यांत आहे. सरकार बुडालं का?" सभागृह हसलं. व्यासपीठावरून उत्तर आलं, "काका, ती तांत्रिक बाब आहे, काळजी करू नका." आणि विषय पुढे गेला.

मला ते खटकलं. काकांचा प्रश्न अगदी बरोबर होता. सहकारी बँकेला तुमच्या-आमच्या ठेवींच्या दर शंभर रुपयांमागे साधारण 18 रुपये सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित ठिकाणी ठेवावेच लागतात. म्हणजे तो पैसा आपलाच.

आधी साधा हिशोब करू. समजा तुमच्याकडे शंभर रुपयांची, 6 टक्क्यांची, एक वर्षाची पावती आहे आणि ती दुसऱ्याला विकता येते. वर्षअखेर तिचे 106 मिळणार. दुसऱ्याच दिवशी बाजारात 8 टक्के मिळायला लागले. आता तुमची पावती शंभरला कोण घेईल? नव्या पावतीत शंभराचे 108 होतात. तुमच्या पावतीचे 106 काही बदलणार नाहीत, ते कागदावर छापलेले आहेत. मग बदलू शकते ती एकच गोष्ट, किंमत. घेणारा साधारण 98 रुपये 15 पैसे देईल, कारण त्यावर 8 टक्के धरले की 106 होतात. व्याजदर वाढला की रोख्याची किंमत पडते ती एवढ्याचसाठी. सरकार बुडालेलं नाही. जुना कागद नव्या दराशी स्पर्धा करतोय, इतकंच.

आता तीच पावती दहा वर्षांची धरा. दोन टक्के कमी व्याज एक वर्ष नाही, दहा वर्षं सोसायचं. किंमत येते साधारण 86 रुपये 60 पैसे. मुदत जितकी लांब तितका फटका मोठा. "सरकारी आहे, निर्धास्त राहा" म्हणणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

हे पुस्तकातलं नाही. 2021 च्या जुलैत सरकारने 6.10 टक्क्यांचा, 2031 ला संपणारा दहा वर्षांचा रोखा काढला. मे 2022 पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून वाढवत नेला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये 6.5 वर आणला. 2022 च्या मध्यालाच दहा वर्षांच्या रोख्यांवर बाजार साडेसात टक्के मागत होता. त्या दराने हिशोब केला तर शंभराच्या त्या रोख्याची किंमत 91 च्या आसपास येते. वर्षभरात नऊ रुपये गेले. अहवालातली तरतूद असल्याच घटीसाठी असते.

यावर बँकवाले म्हणतात की आम्ही रोखा मुदतीपर्यंत ठेवणार, शेवटी शंभरचे शंभर मिळणारच. खरं आहे. नियमही तशी सोय देतात, मुदतीपर्यंत ठेवायचे म्हणून वेगळे काढलेले रोखे रोजच्या बाजारभावाने मोजावे लागत नाहीत. पण हे अर्धंच सत्य आहे, असं माझं मत. रोखा देतोय 6.10 आणि तुम्ही ठेवीदाराला देताय साडेसात, तर तोटा एका दिवसात न दिसता दरवर्षी थोडा थोडा होतो. शिवाय मुदतीपर्यंत थांबायला ठेवीदारही थांबले पाहिजेत. मार्च 2023 मध्ये अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँकेचे ठेवीदार थांबले नाहीत. बँकेला सुमारे 21 अब्ज डॉलरचे रोखे 1.8 अब्ज तोट्यात विकावे लागले. ते कळताच एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढून घेतले गेले आणि बँक बसली. (आपल्या नगर अर्बन बँकेचं लायसन्स ऑक्टोबर 2023 ला रद्द झालं ते प्रकरण वेगळं, तिथे प्रश्न कर्जांचा होता. दोन्हींची गल्लत नको.)

आता उलट्या यील्ड कर्व्हबद्दल. टीव्हीवर हा शब्द आला की मंदी दारात उभी असल्यासारखं बोलतात. साधारणपणे लांब मुदतीला जास्त व्याज मिळतं. ते उलटं झालं, म्हणजे थोड्या मुदतीला जास्त आणि लांब मुदतीला कमी, की कर्व्ह उलटा झाला म्हणतात. तुम्ही तो पाहिलाय. 2023 मध्ये स्टेट बँक 400 दिवसांच्या अमृत कलश ठेवीला 7.10 टक्के देत होती आणि पाच ते दहा वर्षांना 6.50. बँकेला जास्त व्याजात लांब अडकायचं नव्हतं, कारण पुढे दर उतरतील असा अंदाज होता. रोखेबाजारात नेमकं हेच होतं. दर उतरणार असं वाटलं की गुंतवणूकदार आत्ताच लांब मुदतीचे रोखे घ्यायला धावतात, त्यांची किंमत चढते आणि किंमत चढली की त्यावरचा परतावा उतरतो. आणि दर का उतरणार? बहुतेकदा धंदा मंदावणार म्हणून. मंदीचा इशारा म्हणतात तो इथून येतो. अमेरिकेत 2006 ला कर्व्ह उलटला आणि 2007 च्या डिसेंबरपासून मंदी धरली गेली.

पण आपल्याकडचं उदाहरण वेगळंच सांगतं. मे 2013 मध्ये अमेरिका पैसा आवरणार अशी कुणकुण लागली आणि रुपया घसरायला लागला. 15 जुलैला रिझर्व्ह बँकेने बँकांना तातडीचे पैसे देण्याचा दर 10.25 टक्के केला. तीन महिन्यांच्या ट्रेझरी बिलांवरचा परतावा 11 टक्क्यांच्या वर गेला, दहा वर्षांचा मात्र त्याच्या खालीच होता. कर्व्ह चक्क उलटा. त्याच मे महिन्यात निघालेल्या 7.16 टक्क्यांच्या दहा वर्षांच्या रोख्यावर ऑगस्टमध्ये बाजार 9.2 टक्क्यांच्या आसपास मागत होता, म्हणजे शंभराचे साधारण 87. बँकांना इतका मार बसला की 20 ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने त्यांना काही रोखे मुदतीपर्यंतच्या कप्प्यात जुन्या, 15 जुलैच्या भावाने हलवू दिले आणि उरलेला तोटा वर्षभरात पसरायची मुभा दिली. सप्टेंबरपासून तातडीचा दर खाली आणला गेला आणि कर्व्ह सरळ झाला. मंदी आली का? नाही. तो कर्व्ह मंदीचा नव्हता, रुपया वाचवायला मुद्दाम आवळलेल्या पैशाचा होता.

अमेरिकेतही जुलै 2022 पासून दोन वर्षांहून जास्त काळ कर्व्ह उलटा राहिला आणि सांगितलेली मंदी काही आली नाही. म्हणून कर्व्ह उलटला की मी आधी विचारतो, थोड्या मुदतीचा दर कोणी आणि कशासाठी चढवलाय?

काकांना उत्तर मिळायला हवं होतं ते असं: आपल्या रोख्यांची सरासरी मुदत इतकी वर्षं, आजच्या बाजारभावाने किंमत इतकी, आणि गुंतवणूक चढ-उतार निधीत इतके जमा. तीन आकडे, दोन मिनिटं. पुढच्या सभेत ते मीच विचारणार आहे.