मागितली बेडशीट, मिळाली चादर

सोलापूरच्या चादरीचा ऑनलाइन व्यवसाय करणाऱ्या अनेक घरांची तक्रार साधारण एकच असते. माल चांगला असतो, दुकानात येणारे गिऱ्हाईक तो हातात घेऊन पसंत करते. मात्र ॲमेझॉनवर त्याच मालाला तीन तारे मिळतात आणि नग परत येतात. यावर घरात निघणारा पहिला उपायही ठरलेलाच असतो : ‘आपल्या माणसांना चांगले अभिप्राय लिहायला सांगू.’ हा उपाय नियमबाह्य आहेच, शिवाय दुखणे एकीकडे आणि लेप दुसरीकडे असा त्याचा प्रकार आहे. म्हणून या वेळी अभिप्राय मागण्यापूर्वी वर्णनाकडे कसे पाहावे, हे एका चादरीच्या उदाहरणाने समजून घेऊ.

अशी कल्पना करू, की एका पेढीने साठ इंच रुंद व नव्वद इंच लांब अशी सुती जॅकार्ड चादर पुढील शीर्षकाने विक्रीस ठेवली आहे :

```
Solapuri Chadar Cotton Bedsheet Blanket for Single Double Bed Winter AC
```

शोधात माल वर यावा म्हणून लोक जे जे टाइप करतात ते सर्व शब्द या शीर्षकात कोंबले आहेत. त्यातील हेतू समजण्यासारखा असला, तरी घोटाळा नेमका तेथेच होतो. महाराष्ट्रात ‘सोलापुरी चादर’ म्हटले की जाड विणीचे, नक्षीदार, अंगावर घ्यायचे पांघरूण डोळ्यांपुढे येते. लखनौ किंवा जयपूरच्या हिंदीभाषक गृहिणीच्या मनात मात्र ‘चादर’ म्हणजे पलंगावर अंथरायचे वस्त्र, आणि त्यासोबत बहुधा दोन उशांचे अभ्रे. शीर्षकातील ‘Bedsheet’ हा शब्द तिच्या समजुतीवर शिक्काच मारतो. पुडके उघडल्यावर तिला जाड, खळीमुळे किंचित ताठ असलेला एकच नग मिळतो. दुहेरी पलंगाची रुंदी साधारण बहात्तर इंच असते. साठ इंचांचे वस्त्र तेथे कडेपर्यंतही पोहोचत नाही. ती ‘वर्णनाप्रमाणे नाही’ असे कारण निवडून माल परत पाठविते, आणि तिच्या दृष्टीने ते शब्दशः खरे असते.

याची किंमत कागदावर मांडून पाहावी. समजा, एका चादरीमागे सर्व कपात जाऊन ऐंशी रुपये हाती राहतात आणि परत आलेल्या नगावर जाण्या-येण्याचा खर्च व पुन्हा घडी-पॅकिंग धरून एकशे साठ रुपये जातात. म्हणजे एका परतीत दोन विक्रींचा नफा बुडाला. शीर्षकातील एका शब्दाने शंभर जास्तीची माणसे पानावर आणली, परंतु त्यांतील बरीचशी बेडशीटच्याच शोधात असतील, तर ती गर्दी दुकानाच्या उंबरठ्यावरून चुकून आत आलेली गर्दी आहे.

कोणता शब्द चुकतो आहे हे अंदाजाने ठरवू नये. सेलर सेंट्रलमध्ये `Voice of the Customer` नावाचे पान आहे. प्रत्येक मालाविषयी ग्राहकांच्या परती व तक्रारी तेथे एकत्र दिसतात. परतीच्या अहवालात कारणही असते आणि क्वचित ग्राहकाने लिहिलेली ओळही असते. कारण हे यादीतून घाईने निवडलेले असते, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नये; लिहिलेली ओळ मात्र सोन्यासारखी. गेल्या दोन-तीन महिन्यांतील अशा सर्व ओळी आणि तीन व त्याहून कमी ताऱ्यांचे अभिप्राय एका वहीत उतरावेत, आणि तेही ग्राहकाच्याच शब्दांत. ‘पिलो कव्हर नहीं आया’, ‘बेड पर छोटा पड़ रहा है’, ‘कपड़ा कड़क है’, ‘पहली धुलाई में रंग गया’. प्रत्येक ओळीसमोर लिहावे, की ही समजूत पानावरील कोणत्या शब्दाने किंवा चित्राने निर्माण केली.

वही भरली की तक्रारींचे दोन ढीग आपोआप पडतात. अभ्रे न मिळणे, आकार लहान वाटणे, ताठपणा या गोष्टी आधी सांगितल्या असत्या तर ग्राहकाने एकतर माल घेतलाच नसता, किंवा घेऊन आनंदाने ठेवला असता. हा ढीग वर्णनाचा. रंग जाण्याची गोष्ट वेगळी. पहिल्या दोन धुण्यांत गडद तांबड्याचे पाणी थोडे रंगीत होऊन नंतर थांबत असेल, तर ‘पहिली दोन धुणी वेगळी करावीत’ एवढी सूचना पुरे. चौथ्या धुण्यालाही रंग सुटत असेल, तर तो प्रश्न रंगाऱ्याशी बोलून सोडवायचा. कोणत्याही वाक्याने तो झाकता येत नाही. यासाठी त्याच लॉटमधील एक नग घरीच चार वेळा पांढऱ्या पंच्याबरोबर धुऊन पाहावा. पंचा सगळे सांगतो.

आता वर्णनाची दुरुस्ती. शीर्षक असे होईल :

```
Solapuri Chadar, Cotton Jacquard Blanket for One Person, 60 x 90 inch, 1 Piece
```

येथे ‘Not a Bedsheet’ असे लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण शोधयंत्र ‘Not’ समजून घेईलच असे नाही. ‘Bedsheet’ शब्द दिसला की त्याच शोधातील माणसे पुन्हा पानावर येऊ शकतात. शीर्षकात वस्तू काय आहे ते सांगावे. काय नाही ते त्याखालच्या पहिल्या मुद्द्यात सांगावे : ही अंगावर घेण्याची चादर आहे, पलंगावर अंथरण्याची नव्हे, सोबत उशांचे अभ्रे नाहीत, एका व्यक्तीस पुरेशी आहे. दुसऱ्या मुद्द्यात ताठपणाची गोष्ट यावी : नवी असताना खळीमुळे कडक लागते, एक-दोन धुण्यांनंतर मऊ होते. पडद्यामागे शोधशब्दांची जी चौकट असते, तिच्यातूनही बेडशीट काढून टाकावे; अन्यथा पुढचे दार बंद करून मागचे उघडे ठेवल्यासारखे होईल.

चित्राचे काम शब्दांहून मोठे आहे, कारण मोबाईलवर खरेदी करणारी बरीच मंडळी चित्रे सरकवून थेट बटण दाबतात. मुख्य चित्रात पांढऱ्या पार्श्वभूमीवर केवळ विकायची वस्तू असावी, हा ॲमेझॉनचाच नियम आहे. शोभेसाठी ठेवलेल्या उशा तेथून काढाव्यात. दुसऱ्या चित्रात चादर पांघरून झोपलेली व्यक्ती आणि कडेला इंचांतील मापे दाखवावीत. यंत्रमागावर विणलेल्या चादरीला ‘हातमाग’ म्हणणेही थांबवावे. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, तेव्हा तिच्या नावाला उसन्या विशेषणाची गरज नाही.

हे केल्यावर पानावर येणाऱ्यांची संख्या घटेल. पहिल्या आठवड्यात तो आकडा पाहून घरातील ज्येष्ठ अस्वस्थ होतील, हे गृहीतच धरावे. फरक मोजताना परत आलेल्या नगांची तारीख न पाहता त्यांच्या मूळ ऑर्डरची तारीख पाहावी. आज परत आलेला नग जुन्या वर्णनावर घेतलेला असू शकतो. बदलानंतरच्या ऑर्डरी चार-पाच आठवडे स्वतंत्र मोजाव्यात, आणि त्या काळात किंमत किंवा चित्रे पुन्हा बदलू नयेत.

अभिप्राय मागण्याची वेळ यानंतर येते. मागण्याने अभिप्रायांची संख्या वाढते. त्यांचा सूर मालाने आणि वर्णनानेच ठरतो. दिशाभूल करणाऱ्या पानासाठी अभिप्राय मागितले, तर नाराजी अधिक वेगाने जमा होईल.

रीतसर मार्ग सोपा आहे. सेलर सेंट्रलमध्ये प्रत्येक ऑर्डरच्या तपशिलात `Request a Review` हे बटण असते. माल पोहोचल्यानंतर पाचव्या ते तिसाव्या दिवसाच्या दरम्यान ते एका ऑर्डरसाठी एकदाच वापरता येते. पत्राचा मजकूर ॲमेझॉनचाच असतो, त्यात आपल्याला एक अक्षरही घालता येत नाही. हीच त्याची सोय आहे : चुकीचे काही लिहून जाण्याची भीती नाही. चादरीसाठी साधारण बारावा ते सोळावा दिवस योग्य वाटतो. तोवर ती एकदा धुऊन झालेली असते आणि खळ निघालेली असते. आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी, त्या मुदतीत बसणाऱ्या सर्व ऑर्डरींवर बटण दाबावे. निवड केवळ तारखेने करावी. ‘हे गिऱ्हाईक खूश दिसते, त्यालाच विचारू’ असे करणे नियमाविरुद्ध आहे.

आपल्या समाजात माणसे जोडलेली असतात, त्यामुळे येथे एक विशेष धोका संभवतो. वहिनी, भाचा, दुकानातील मुनीम यांनी आपापल्या मोबाईलवरून लिहिलेले अभिप्राय, किंवा समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आपल्या बंधूंच्या चादरीला पाच तारे द्या’ अशी विनंती, दोन्ही निषिद्ध आहेत. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय देणे तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसारही वर्ज्य आहे. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकही आणले आहे. नियमभंग उघड झाला तर अभिप्राय पुसले जातात, माल पानावरून उतरविला जातो, खातेही बंद होऊ शकते. दिवाळीच्या तोंडावर खाते बंद पडणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

पुडक्यात घालायच्या चिठ्ठीबद्दलही सावध असावे. ‘पाच तारे द्या, पन्नास रुपये मिळवा’ हे चूक आहे, हे सहज कळते. परंतु ‘आवडल्यास ॲमेझॉनवर लिहा, न आवडल्यास आम्हाला फोन करा’ ही विनम्र वाटणारी चिठ्ठीही तितकीच चूक, कारण ती नाराजांना बाजूला वळवून फक्त समाधानी लोकांना पुढे आणते. दिलेला अभिप्राय बदलण्याची किंवा काढण्याची विनंती, पैसे परत देण्याच्या बदल्यात असो वा नुसती हात जोडून, करता येत नाही. चिठ्ठी घालायचीच असेल तर धुण्याची रीत लिहिलेली घालावी : थंड पाणी, पहिली दोन धुणी वेगळी, सावलीत वाळविणे.

जुने दोन-तीन ताऱ्यांचे अभिप्राय पानावर राहतीलच. ते टाळण्यासाठी काही जण नवे पान उघडतात, किंवा जुन्या पानाला चांगले तारे असतील तर त्यावर निराळाच माल चढवितात. हा दुसरा प्रकार उघड नियमभंग आहे. सुतीऐवजी मिश्र धाग्याची चादर आणली, तर तिला स्वतःचे पानच हवे. दुहेरी आकाराची त्याच विणीची चादर असेल, तर ती त्याच पानावर आकाराचा पर्याय म्हणून जोडता येते, आणि ‘बेड पर छोटा पड़ रहा है’ असे लिहिणाऱ्यांपैकी ज्यांना दोघांसाठी पांघरूणच हवे होते, त्यांना योग्य माप तेथेच सापडते.