परिच्छेद तोडायचा, पण कुठे?

शिक्षक मित्रांनो, आपण मुलांना निबंध लिहायला शिकवतो, पण सूचना लिहायला फारसं शिकवत नाही. सूचनेचा लांब परिच्छेद वाचणारा मधेच हरवतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे कारणं बरीच होती. पण फवारणीची सूचना झटकन सापडणं किती गरजेचं आहे, हे इथे वेगळं सांगायला नको.

हा परिच्छेद बघा:

"फवारणी करताना हातमोजे व मास्क वापरावा आणि द्रावण काठीने ढवळावे, हाताने नव्हे, तसेच वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये व नोझल तोंडाने फुंकू नये, अंगावर औषध सांडल्यास कपडे काढून साबणाने धुवावे व त्रास झाल्यास औषधाची बाटली घेऊन दवाखान्यात जावे."

चूक काहीच नाही. पण औषध सांडल्यावर काय करायचं, ते शोधायला सगळं वाचावं लागतं. आता हेच तोडून लिहू.

फवारणीआधी
- हातमोजे, मास्क घाला.
- द्रावण काठीने ढवळा, हाताने नाही.

फवारताना
- वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका.
- नोझल तोंडाने फुंकू नका.

अंगावर सांडलं तर
1. कपडे लगेच काढा.
2. अंग साबणाने धुवा.
3. त्रास झाला तर बाटली घेऊन दवाखान्यात जा.

इथे तीन गोष्टी बघा. परिच्छेद वेळेप्रमाणे तोडला आहे, ओळी मोजून नाही. उपशीर्षक वाचणाऱ्याच्या मनातला प्रश्नच आहे. 'इतर सूचना' असं लिहिलं असतं तर ते कुणी उघडून पाहिलं नसतं. आणि आकडे फक्त शेवटच्या यादीला दिले, कारण तिथे क्रम पाळायचा आहे. बाकी ठिकाणी ठिपके पुरतात. प्रत्येक वाक्यात एकच काम आहे.

पण प्रत्येक मजकूर असा तोडू नका. यादीत 'कारण' आणि 'म्हणून' गळून पडतात. वाऱ्याच्या विरुद्ध का फवारायचं नाही? कारण तुषार उलटून आपल्याच तोंडावर येतात. ही समज मुलांना द्यायची तर सलग दोन-तीन वाक्यंच लागतात. गोष्ट, अनुभव, वर्णन हेसुद्धा सलगच राहू द्या. नाहीतर मुलांचे निबंध बाजाराच्या यादीसारखे होतील.

तोडणी जमली की नाही, हे कसं कळेल? चौथी-पाचवीच्या मुलाला कागद द्या आणि विचारा, "अंगावर औषध सांडलं, आता काय करशील?" त्याचं बोट सरळ तिसऱ्या उपशीर्षकावर गेलं तर जमलं. वरून खाली फिरत राहिलं तर उपशीर्षकाचे शब्द बदला.

हीच मुलं घरी आईबाबांना बाटलीवरचं वाचून दाखवतात. म्हणून मला वाटतं, भाषेच्या तासाला आठवड्यातून एकदा तरी सूचनालेखन घ्यावं.