जमेची बाजू

धनत्रयोदशीच्या पहाटे रॉटरडॅमहून आलेला नातू वाशीच्या घराच्या उंबरठ्याशी पोहोचला, तेव्हा आई तोरण बांधत होती. त्याने नकळत आतल्या झोपाळ्याकडे पाहिले. झोपाळा रिकामा होता. आषाढात आजोबा गेले, आणि त्यांच्याच सांगण्यावरून तो तिकडेच राहिला होता. मसाल्याच्या आयातीचे काम करणाऱ्या पेढीत तो दोन वर्षांपूर्वी लागला होता आणि त्या आठवड्यात बंदरात माल अडकला होता. ‘‘माल सोडव, मी कुठे जातो आहे!’’ असे आजोबा फोनवर म्हणाले होते. चौथ्या दिवशी ते गेले.

दिवाळीची तयारी नेहमीसारखीच चालली होती. फटाके या घरात कधी येत नसत. पाटावर ठेवायच्या वाट्यांत कुंकू, अक्षता, सुपारी, विड्याची पाने आणि वासक्षेप असे सारे होते. वही मात्र नव्हती. पुष्य नक्षत्रावर लाल कापडी बांधणीची वही आणायचा आजोबांचा नेम यंदा चुकला होता.

‘‘आता वहीचे काय काम?’’ वडील म्हणाले. ‘‘सगळा हिशेब संगणकात आहे आणि वर्ष एकतीस मार्चला संपते.’’

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. 1989 पासून आयकरासाठी सर्वांचेच वर्ष एप्रिल ते मार्च झाले आणि दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवणाऱ्या पेढ्यांची वही पूजेपुरती उरली. पहिल्या पानावर श्रीकार काढावा, गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्राची ऋद्धी मागावी आणि उरलेली पाने कोरी ठेवून वही कपाटात टाकावी, असेच पुष्कळ घरांत चालते.

चतुर्दशीला नातू कपाट आवरू लागला. मशीद बंदरच्या पेढीपासून वाशीच्या मसाला बाजारातल्या गाळ्यापर्यंतच्या वह्या तिथे ओळीने होत्या. गतवर्षीची त्याने उघडली. पहिल्या पानावर श्रीचा मनोरा होता. वरच्या ओळीत एक श्री, खाली दोन, मग तीन, अशा सात ओळींत अठ्ठावीस. पानाच्या मधोमध एक पुसट घडी दिसत होती. पहिला श्री मध्यावर पडला नाही तर सातवी ओळ समासाबाहेर जाते, म्हणून आजोबा आधी पान दुमडून मध्य धरीत.

पुढची पाने कोरी असतील असे त्याला वाटले होते. तिसऱ्या पानावर मथळा होता : ‘श्री रॉटरडॅम खाते’.

डावीकडे, जमेच्या बाजूस, तिथ्या होत्या. ‘कार्तिक शुद्ध 5. फोन आला.’ ‘पौष वद्य 2. फोन आला, सर्दी झाली आहे.’ रक्कम कुठेच नव्हती. उजवीकडची नावेची बाजू पूर्ण कोरी होती. शेवटची नोंद थरथरत्या अक्षरात होती : ‘आषाढ. येऊ नको म्हणालो. ऐकले.’

त्याने वही वडिलांपुढे धरली. वडिलांनी चष्मा लावला आणि बराच वेळ पान उलटले नाही.

‘‘हेही जमेकडे लिहिले आहे,’’ ते म्हणाले. ‘‘समोरच्याने दिले ते जमा, आपण दिले ते नावे. तुझ्याकडे त्यांचे काही येणे नव्हते. देणे त्यांच्याकडेच राहिले.’’

‘‘पण मी यायला हवे होते, पप्पा.’’

उत्तर वडिलांनी दिले नाही. माळ ओढणारी आजी म्हणाली, ‘‘निर्वाणाच्या वेळी गौतमस्वामी तरी कुठे जवळ होते? देवशर्म्याला बोध करायला भगवंतांनीच त्यांना धाडले होते. वाटेत कळले, तेव्हा खूप रडले. पहाटे केवलज्ञान झाले ते त्यानंतर.’’ तिने पुन्हा मणी सरकवला.

वडील थोड्या वेळाने उठले, चपला घातल्या. ‘‘बाकी शिल्लक असलेले खाते बंद करता येत नाही,’’ ते दारातून म्हणाले. ‘‘पुढच्या वहीत ओढावे लागते.’’ तासाभराने ते लाल वही घेऊन परतले. पुष्य नक्षत्र केव्हाच टळले होते. त्याबद्दल कोणी काही बोलले नाही.

अमावास्येच्या सायंकाळी पाटावर वही उघडली. पानावर विड्याचे पान, सुपारी आणि रुपया ठेवण्याआधी श्रीकार काढायचा होता. वडिलांनी लेखणी नातवापुढे केली. त्याचे मराठी अक्षर शाळेनंतर कुठे उमटलेच नव्हते, म्हणून तो घुटमळला. मग त्याने पान उचलले, काठाला काठ जुळवून उभे दुमडले, नखाने घडी दाबली आणि उघडले.

‘‘मध्य बरोबर आला का?’’ आजीने विचारले.

‘‘आला,’’ तो म्हणाला आणि त्याने कुंकवात लेखणी बुडवली.